नव्वद दिवसांची नोटीस आणि रुजू व्हायची तारीख

पलूसच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या पोरापोरींच्या नेमणूकपत्रात हल्ली एक कलम हमखास दिसतं : नोकरी सोडायची असेल तर नव्वद दिवस आधी लेखी कळवावं. आणि पुण्याकडची, चाकणची कंपनी जे ऑफर लेटर पाठवते त्यात असतं : तीस दिवसांत रुजू व्हावं. एका कागदावर नव्वद, दुसऱ्यावर तीस. मधल्या साठ दिवसांचं काय करायचं, हे मात्र दोन्ही कंपन्या त्या पोरावर सोडून देतात.

माझी नोकरी याच भागातल्या एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात झाली. माणसं घेणं आणि माणसं सोडणं, दोन्ही बाजूंचे कागद हाताखालून गेले. माझी भाची इथल्याच एका पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनीअर आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला ती हे दोन्ही कागद घेऊन आली. उशिराची तारीख मागितली की नोकरी गेलीच, हे तिचं मत. तारीख मागायलाच हवी आणि पहिल्याच दिवशी मागायला हवी, हे माझं. तिचं म्हणणं सगळंच खोडून काढता येईल असं नव्हतं, म्हणून आमचं बोलणं जसं झालं तसंच पुढे देतो.

ती : मामा, तुम्ही जुन्या काळातलं बोलताय. आता सगळ्यांना लगेच येणारा माणूस हवा असतो. जाहिरातीतच लिहितात, ताबडतोब रुजू होणाऱ्यांना प्राधान्य. नव्वद दिवस म्हटलं की पुढचा फोनच येत नाही.

मी : तुला तर ऑफर आली आहे. मुलाखतीत नोटीस किती सांगितलीस?

ती : तोंडी कुणी विचारलंच नाही. फॉर्मवर रकाना होता, त्यात मी 'निगोशिएबल' लिहिलं. सगळे तसंच लिहितात.

मी : घोळ तिथेच झाला. तो शब्द वाचून पलीकडच्या माणसानं धरून चाललं की तू महिन्याभरात सुटशील, आणि 1 सप्टेंबर तारीख टाकली. तू खोटं बोलली नाहीस, पण त्यांना आकडाही दिला नाहीस. आता तो आकडा द्यायचा आहे, आणि जितके दिवस लांबवशील तितका तो महाग पडत जाईल.

ती : म्हणून तर म्हणते, आत्ता काही बोलायचंच नाही. 1 सप्टेंबर मान्य करून टाकते, इथे राजीनामा देते, आणि ऑगस्टच्या शेवटी त्यांना कळवते की अजून सोडत नाहीत, पंधरा दिवस वाढवून द्या. मग आणखी पंधरा. माझ्या मैत्रिणीनं असंच केलं. ती म्हणाली, कारण विचारलं तर घरात लग्न आहे म्हण, नाहीतर द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी आहे म्हण.

मी : छाटणीला क्वालिटी इंजिनीअर लागतो होय? हे बघ, पलीकडच्या टेबलावर काय चालतं ते तुला सांगतो, मग तू ठरव. एका जागेसाठी आम्ही माणूस निवडायचो तेव्हा दुसऱ्या नंबरचा माणूस लगेच सोडून देत नव्हतो. त्याला 'कळवतो' म्हणून ठेवायचं. पहिल्यानं तारीख पक्की केली की दुसऱ्याला नकार जायचा. आता तू आज, ऑफर स्वीकारायच्या आधी, म्हणालीस की मला नोव्हेंबर लागेल, तर त्यांच्या हातात अजून दुसरा माणूस आहे. ते शांतपणे विचार करतील : थांबायचं की त्याला घ्यायचं. तू 28 ऑगस्टला म्हणालीस तर दुसरा माणूस केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो, बसायची जागा, लॅपटॉप, प्रशिक्षणाची बॅच सगळं 1 सप्टेंबरला धरून ठरलेलं असतं. त्या वेळी जो राग येतो तो उशिराचा नसतो, आपल्याला अंधारात ठेवल्याचा असतो. ऑफर मागे घेतल्याची जी उदाहरणं मी पाहिली, त्यांतली बहुतेक अशी शेवटच्या आठवड्यातली आहेत.

ती : पण आज सांगितलं आणि त्यांनी दुसऱ्याला घेतलं तर माझी नोकरी आजच गेली ना?

मी : गेली. पण तुझी इथली नोकरी शाबूत असेल, कारण तू राजीनामा दिलेला नसशील. तुझ्या पद्धतीत ऑगस्टच्या शेवटी तिथलीही गेली आणि इथलाही राजीनामा पडलेला. ऑफर मागे घेतली तर दाद मागायला कोर्ट आहे, पण चाकणच्या कंपनीविरुद्ध पलूसची मुलगी वर्षानुवर्षं तारखा करत बसणार आहे का?

ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं पिशवीतून स्वतःचं नेमणूकपत्र काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. कलम वाचल्यावर तिच्या रागाचं खरं कारण मला कळलं.

ती : हे वाचा. मी सोडायचं तर नव्वद दिवस. कंपनीनं मला काढायचं तर तीस दिवसांची नोटीस किंवा तीस दिवसांचा पगार. हा कुठला न्याय? आणि तुम्ही मला सांगताय की नव्या कंपनीपुढे हात जोडून उभी राहा, का तर जुन्या कंपनीला नव्वद दिवस हवेत. मी उद्यापासून गेलेच नाही तर काय करतील?

मी : हा न्याय नाही. कारखान्यातल्या कामगारांसाठी 1946 च्या कायद्याखाली जे आदर्श स्थायी आदेश होते, त्यांत महिन्याच्या पगारावरच्या कामगाराला एक महिन्याची नोटीस होती, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी. तू इंजिनीअर, हाताखाली चार निरीक्षक, म्हणजे कामगाराच्या व्याख्येबाहेर. तुला ते संरक्षण नाही, तुझा कायदा म्हणजे हे नेमणूकपत्र. इंग्लंडमध्ये कायद्यानं कर्मचाऱ्याकडून मागितलेली किमान नोटीस एका आठवड्याची आहे, पण तिथेही करारात जास्त लिहिलं की ते लागू होतं.

ती : म्हणजे सही केली की अडकले.

मी : अडकलीस, पण किती ते समजून घे. तुला उचलून आणून मशीनशेजारी उभं करायचा अधिकार कुणाला नाही. माणसाकडून बळजबरीनं नोकरी करून घ्यायचा हुकूम कोर्ट देत नाही, हे 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्यानं पक्कं आहे. पण पैसे मागता येतात. विजया बँकेतल्या एका अधिकाऱ्याचा खटला ऐकला असशील. नेमणूकपत्रात तीन वर्षं नोकरी करायची, नाहीतर दोन लाख भरायचे, अशी अट होती. तो 2009 मध्ये दुसऱ्या बँकेत जायला निघाला, दोन लाख भरले आणि मग अटच बेकायदा आहे म्हणून भांडला. कर्नाटक उच्च न्यायालयात जिंकला. पण मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बँकेची बाजू धरली : अशी अट म्हणजे व्यवसायाला बंदी नव्हे. ती बँक सरकारी, तिथल्या भरतीला जाहिरात, परीक्षा असा मोठा खर्च येतो, हेही न्यायालयानं लक्षात घेतलं होतं. तुझ्या कंपनीला ते जसंच्या तसं लागू होईल असं नाही. पण 'सही केली तरी अशी अट चालतच नाही' असं जे पोरं म्हणतात, ते या निकालानंतर म्हणता येत नाही.

ती : कोर्टात कोण जातंय हो मामा. माझ्या नव्वद दिवसांसाठी कंपनी वकील लावेल का?

मी : नाही लावणार. तिला गरजच नाही. ती फक्त तुझं कार्यमुक्तीचं पत्र अडवून ठेवेल. आणि नवी कंपनी तेच पत्र मागते. शिवाय प्रॉव्हिडंट फंडाचा तुझा यूएएन एकच असतो. इथे सोडल्याची तारीख नोंदवली जात नाही तोवर तू कागदोपत्री इथलीच. तिथे रुजू झालीस तर एकाच वेळी दोन कंपन्यांत नोकरी असल्याचं दिसतं. पार्श्वभूमी तपासणाऱ्या एजन्सीला हे एका पानावर सापडतं. पगाराचा भाग मात्र थोडा बरा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आहे, तिच्याप्रमाणे राजीनामा दिलेल्या माणसाचं देणं असलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. पण पत्र किती दिवसांत द्यायचं ते त्यात नाही, आणि पोरांचं घोडं पत्रावरच अडतं.

इथे मला एक गोष्ट वाचकांसाठी सांगितली पाहिजे, कारण भाचीला ती पटली नाही आणि मला ती महत्त्वाची वाटते. या भागातल्या छोट्या कारखान्यांनी नोटीस लांबवली ती केवळ दांडगाईनं नाही. किर्लोस्करवाडी 1910 मध्ये वसली, तेव्हापासून इथे पंप, नांगर, ओतकाम यांची विद्या मुरली आणि एकाच गेटमधून आत जाऊन त्याच गेटमधून निवृत्त होणाऱ्या पिढ्या झाल्या. तेव्हा नोटीस किती हा प्रश्न कुणाला पडत नसे. आता शिकलेला मुलगा दोन वर्षं इथे काढतो, हात तयार झाला की पुण्याला जातो. त्याच्या जागी पुण्याहून पलूसला यायला कुणी तयार नसतं. नवा माणूस जवळपासच्या गावांतूनच शोधायचा, आणि केसिंगची हायड्रो टेस्ट घेण्यापासून ग्राहकानं पाठवलेल्या तपासनिसाला कागद दाखवण्यापर्यंत सगळं त्याला शिकवायचं, यात तीन महिने सहज जातात. मालकाची अडचण खरी आहे. तिचा सगळा भार मात्र त्यानं कर्मचाऱ्याच्या एका कलमावर टाकला आहे.

ती : मालकाची अडचण खरी, माझी खोटी?

मी : तसं म्हणत नाही. म्हणतो एवढंच की तुझ्या साहेबांना नव्वद दिवस नको आहेत, त्यांना तुमच्या कारखान्यात ऑक्टोबरमध्ये होणारी तपासणी पार पडायला हवी आहे. या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कॅलेंडर काढ.

मग आम्ही हिशेब मांडला. राजीनामा 7 ऑगस्टला दिला तर 8 तारीख पहिला दिवस. ऑगस्टचे 24, सप्टेंबरचे 30, ऑक्टोबरचे 31, म्हणजे 85. राहिलेले पाच नोव्हेंबरचे. शेवटचा दिवस 5 नोव्हेंबर. कलमात 'नव्वद दिवस' आहे की 'तीन महिने', हे पाहून मोजायचं, कारण तीन महिने धरले असते तर 7 नोव्हेंबर आला असता. आणि नोटीस कधीपासून धरायची तेही कलमातच पाहायचं. तिच्या पत्रात राजीनामा मिळाल्यापासून असं होतं, मंजूर झाल्यापासून असं नव्हतं. मंजुरीपासून मोजायचं असतं तर साहेबांच्या टेबलावर कागद पडून राहिला तेवढे दिवस वर चढले असते.

ती : म्हणजे 6 नोव्हेंबरला रुजू होते म्हणून लिहू?

मी : 9 लिही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पत्रावर सही होतेच असं नाही, स्टोअर, टूलरूम, अकाउंट्स सगळ्यांकडून ना-देणं घ्यायचं असतं. सामान घेऊन पुण्याला जायचं आहे. दोन-तीन दिवस आत्ताच धरले तर पुढे दुसऱ्यांदा तारीख मागायची वेळ येत नाही. एकदा लांबची तारीख मागितलेली कंपनी विसरते. दोनदा मागितलेली विसरत नाही.

ती : आणि त्यांनी विचारलं की नव्वद दिवस खरंच आहेत कशावरून?

मी : कलमाचं पान जोड. पगाराचे आकडे झाकून. लग्न, आजारपण, छाटणी काही नको. खरं कारण तुझ्याकडे छापील आहे. मग सोंग कशाला घ्यायचं?

तिनं मेल इंग्रजीत लिहिला. मी दोनदा खोडायला लावलं, कारण पहिल्या मसुद्यात अर्धं पान क्षमायाचना होती. शेवटी राहिला त्याचा आशय असा : आपलं ऑफर लेटर मिळालं, हे पद मला स्वीकारायचं आहे. माझ्या सध्याच्या नेमणूकपत्रात नव्वद दिवसांची नोटीस आहे, ते पान सोबत जोडलं आहे. अर्जात मी हा कालावधी आकड्यात दिला नव्हता, म्हणून आता स्पष्ट कळवते. 7 ऑगस्टपर्यंत आपलं सुधारित पत्र मिळाल्यास मी त्याच दिवशी राजीनामा देईन, माझा शेवटचा दिवस 5 नोव्हेंबर असेल आणि मी 9 नोव्हेंबरला रुजू होईन. रजा वळती करून किंवा कंपनीच्या संमतीनं लवकर सुटता आलं तर तसं लगेच कळवीन. आपल्याला ही तारीख शक्य नसेल तर जास्तीत जास्त कोणत्या तारखेपर्यंत थांबता येईल ते कृपया सांगावं.

ती : हे शेवटचं वाक्य कशाला? आपणच सवलत देतोय.

मी : ते वाक्य नसेल तर त्यांना हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं. ते असलं की तिसरं उत्तर देता येतं. आणि 7 तारखेचं वाक्य का घातलं तेही लक्षात ठेव. तू राजीनामा सुधारित पत्र हातात आल्यावर देणार. ते आठ दिवस लावतील तर तुझा नोव्हेंबरही आठ दिवस पुढे सरकेल. हे आधी सांगितलं नाहीस तर 9 तारीख हुकल्याचा दोष तुझ्यावर येईल. आणि फोनवर 'ठीक आहे मॅडम, या तुम्ही' म्हणाले तर तेवढ्यावर राजीनामा द्यायचा नाही. नव्या तारखेचं पत्र, नाहीतर निदान त्यांच्या कंपनीच्या पत्त्यावरून आलेला मेल.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. नोव्हेंबर शक्य नाही, कारण जागा नव्या लाइनसाठी आहे आणि ऑक्टोबरच्या मध्याला चाचणी उत्पादन सुरू होतं. 15 ऑक्टोबरपर्यंत थांबू, आणि नोटीसचे पैसे भरावे लागले तर मूळ पगाराच्या हिशेबानं पंधरा दिवसांपर्यंतची रक्कम पावती पाहून देऊ. तिला अर्थातच हे अपुरं वाटलं. मला ते चांगलं उत्तर वाटलं. तारीख आली, आणि ती का, याचं कारणही आलं. एखाद्या सुटलेल्या माणसाच्या जागी घ्यायचं असेल तर कंपनी बहुधा थांबू शकते, जाणाराही नोटीसवरच असतो. नव्या लाइनची तारीख ग्राहकानं दिलेली असते, ती हलत नाही. असं कारण कळलं की तिथे जास्त ताणायचं नाही, उरलेला मार्ग जुन्या कंपनीतून काढायचा.

ती : म्हणजे आता साहेबांच्या पाया पडायचं.

मी : पाया कशाला? 15 ऑक्टोबरपासून 5 नोव्हेंबरपर्यंत बावीस दिवस कमी पडतात. तुझी शिल्लक रजा किती?

ती : बारा.

मी : रजा नोटीसमध्ये वळती करणं हा तुझा हक्क नाही, कंपनीची मर्जी आहे. पण बहुतेक ठिकाणी मान्य करतात, कारण नाहीतर तिचे पैसे द्यावे लागतात. बारा गेले, राहिले दहा. कलमात पैसे कशावर कापायचे लिहिलंय?

ती : 'मूळ वेतन'.

मी : मग मूळ 24 हजार, दिवसाचे आठशे, दहा दिवसांचे आठ हजार. 'एकूण वेतन' असतं तर 45 हजारांच्या हिशेबानं पंधरा हजार गेले असते. नवी कंपनी ते देणार म्हणते, पण एक वर्षाच्या आत सोडलंस तर परत घेते का, ते तिच्या पत्रात वाच. आणि ते पैसे पगाराबरोबर आले तर त्यावर कर कापला जाईल, हे धरून चाल. आता साहेबांकडे जाताना रिकाम्या हातानं जाऊ नको. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली तपासणी तू पूर्ण करून देणार, गेज आणि मीटरच्या कॅलिब्रेशनच्या नोंदी अद्ययावत करून ठेवणार, निरीक्षकांतल्या कुणाला सप्टेंबरभर शेजारी बसवून तयार करणार, हे तारखांसकट एका पानावर लिही. खाली एकच विनंती : 14 ऑक्टोबरला कार्यमुक्त करावं, बारा दिवस रजा वळती, दहा दिवसांचं मूळ वेतन कापावं.

ती : आणि ते नाही म्हणाले तर?

मी : तर तुला नव्या कंपनीला कळवावं लागेल की 15 ला जमत नाही. कदाचित ती नोकरी जाईल.

ती : तुम्ही हे किती सहज म्हणता, मामा. तुमची नोकरी झाली, पेन्शन नाही पण घर आहे. माझ्यासाठी ही उडी आहे. इथे अजून दोन वर्षं काढली तर चाकणच्या त्या लाइनवर मला कोण घेणार? पळून गेलेल्यांतली निम्मी पोरं आज तिथे बरी नोकरी करतात. त्यांचं पत्र कुणी विचारलं नाही.

याला माझ्याकडे पुरं उत्तर नव्हतं, आणि नाही. कुणाचं कुठे अडकेल हे आधी सांगता येत नाही, एवढंच म्हणता येतं. 2023 मध्ये आकासा एअरचे काही वैमानिक नोटीस पूर्ण न करता गेले, कंपनीला उड्डाणं रद्द करावी लागली आणि तिनं मुंबई उच्च न्यायालयात दावे लावले. वैमानिकांइतकी अडवणूक क्वालिटी इंजिनीअरची कुणी करणार नाही, हे भाचीचं म्हणणं बरोबर आहे. पण मी ज्या खात्यात बसलो त्या खात्यात न सांगता गेलेल्याचं नाव लाल शाईनं लिहिलं जायचं, आणि पलूस, किर्लोस्करवाडी, कुंडल, भिलवडी एवढ्या टापूत पर्सोनेलची माणसं एकमेकांना ओळखतात. पाच-सात वर्षांनी आईवडिलांसाठी परत यावं लागलं तर तीच गेटं आहेत.

तिनं 7 तारखेला, नव्या कंपनीचं 15 ऑक्टोबर तारखेचं सुधारित पत्र आल्यावर, राजीनामा मेलनं दिला आणि पोचही मेलनंच घेतली. राजीनाम्यात नव्वद दिवसांप्रमाणे शेवटचा दिवस 5 नोव्हेंबर असंच लिहिलं. 14 ऑक्टोबरची विनंती वेगळ्या पत्रात. हे दोन कागद वेगळे ठेवायला मी सांगितलं होतं. एकाच पत्रात 14 ऑक्टोबर लिहिलं की कंपनीला म्हणता येतं, तू नोटीस दिलीच नाहीस. वेगळं लिहिलं की नोटीस पूर्ण दिलेली राहते आणि सवलत ही सवलत राहते. यात तिनं जोखीम घेतली हे मला मान्य आहे. साहेबांचा होकार यायच्या आधी तिनं 15 ऑक्टोबरला हो म्हटलं होतं. मी म्हटलं होतं, राजीनाम्याआधी साहेबांशी तोंडी बोलून अंदाज घे. ती म्हणाली, अंदाज घ्यायला गेले तर ते मला राजीनामाच देऊ देणार नाहीत, पगार वाढवतो म्हणून महिनाभर झुलवतील. तिच्या साहेबांना ती माझ्यापेक्षा जास्त ओळखते.

साहेबांनी दहा दिवस उत्तर दिलं नाही. मग बोलावलं, तपासणीच्या तारखा विचारल्या आणि म्हणाले, आपली तपासणी 9 ऑक्टोबरपर्यंत संपली तर 14 ला सोडतो. रजेतले बाराच्या बारा दिवस मान्य, दहा दिवसांचं मूळ वेतन कापणार. तिनं तिथेच सांगितलं, हे मला मेलवर लिहून द्या. त्यांना ते आवडलं नाही, पण दिलं.

ती : आठ हजार मी भरले, नव्या कंपनीनं दिले तरी त्यातला कर मीच भरणार. आणि कंपनीनं मला काढलं असतं तर तीस दिवसांत मोकळी झाली असती. तुमचं म्हणणं ऐकलं, मामा, पण हे कलम बरोबर आहे असं मी कधी म्हणणार नाही.

मी : म्हणू नको. नव्या कंपनीच्या पत्रात नोटीस किती आहे ते वाचलंस का?

ती : साठ. दोन्ही बाजूंना. सही करायच्या आधी मी तेच पहिलं वाचलं.

तिच्या या मुद्द्यावर मी तिच्या बाजूचा आहे, आणि म्हणून इथल्या कारखानदारांना एक विनंती करतो. नोटीस नव्वद दिवस ठेवायचीच असेल तर कंपनीच्या बाजूनेही नव्वद ठेवा. नाहीतर दोन्ही बाजूंना पंचेचाळीस करा, आणि रजा किती दिवस वळती होईल, उरलेल्या दिवसांचे पैसे कशावर कापले जातील, कार्यमुक्तीचं पत्र किती दिवसांत मिळेल, या तीन गोष्टी नेमणूकपत्रातच लिहा. आणि नोकरी शोधणाऱ्या पोरांनो, अर्जातल्या त्या रकान्यात 'निगोशिएबल' लिहू नका, आकडा लिहा.